पावसाळ्यात बेसमेंटचा उपसा: आधी सम्प, मग पंप

पावसाळ्यात बेसमेंटच्या खड्ड्यात पाणी साचलं की साइटवर पहिला प्रश्न हाच असतो की किती एचपीचा पंप मागवायचा. पंप येतो, चिखलात टेकवला जातो, अर्धा तास धो धो पाणी फेकतो आणि मग गाळ खाऊन बसतो. दुसरा मोठा पंप येतो, तो जास्त गाळ खातो. पंप निवडणं हे खरं तर या कामातलं शेवटून दुसरं काम आहे. आधी पाणी कुठून आणि किती येतंय ते कळायला हवं, मग ते एका जागी गोळा करणारा सम्प नीट बांधायला हवा. एवढं झालं की पंप कोणता हे आकडेच सांगतात.

हिशेब हातात राहावा म्हणून लेखभर एकच उदाहरण घेऊ. खड्डा ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ४ मीटर खोल आहे. वर काळी माती, खाली मुरूम, तळाशी मऊ खडक लागायला लागलाय. भर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वरून १ मीटरवर येतं. आत २८ बाय १८ मीटरचा राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखालचा काँक्रीटचा एकसंध पाया टाकायचा आहे, म्हणजे चारही बाजूंना मीटरभर मोकळी जागा उरते.

आधी वरचं पाणी तोडा

खड्ड्यात पाणी तीन वाटांनी येतं. आभाळातून थेट पडणारं, आजूबाजूच्या जमिनीवरून वाहत येणारं आणि भिंतींतून-तळातून झिरपणारं. यातलं पहिलं थांबवता येत नाही आणि तिसरं फार कमी करता येत नाही. दुसरं मात्र जवळजवळ पूर्ण अडवता येतं, आणि नेमकं तिकडेच कुणाचं लक्ष नसतं. प्लॉटचा उतार खड्ड्याकडे असेल आणि हजार चौरस मीटर अंगणाचं पाणी आत येत असेल, तर ६०० चौरस मीटरच्या खड्ड्यासाठी केलेला सगळा हिशेब पहिल्याच जोरदार सरीत कोलमडतो.

म्हणून खड्ड्याच्या काठापासून मीटरभर मागे, चारही बाजूंनी, फूटभर उंचीचा मातीचा बांध घाला आणि बांधाच्या बाहेरून चर काढून पाणी लांब न्या. बांध आणि काठ यांच्यामधल्या पट्टीत पाणी साचू देऊ नका. काठालगत मुरलेलं पाणी कडा ढासळवतं. रॅम्पच्या तोंडाशी बांध तोडावाच लागतो, कारण डंपर तिथूनच उतरतात. तिथे आडवी चर काढून वर जाळी टाका किंवा रॅम्पच्या सुरुवातीला रस्त्याला थोडा उंचवटा द्या. तयार बेसमेंट पार्किंगमध्येही हेच दिसतं. पाणी तळातून येतंय असं सगळे म्हणतात आणि निम्मं पाणी रॅम्पवरून वाहत आलेलं असतं.

काठावर टाकलेला मातीचा ढीगही मागे हटवा. पावसात तो भिजून जड होतो, काठावर भार टाकतो आणि वाहून पुन्हा खड्ड्यातच येतो.

किती पाणी येतं ते मोजा

पावसाचा हिशेब तोंडी करण्याइतका सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपल्या ६०० चौरस मीटरच्या खड्ड्यावर तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला तर तासाला ३०,००० लिटर, म्हणजे मिनिटाला ५०० लिटर पाणी जमतं. दिवसभराच्या पावसाचा आकडा इथे उपयोगाचा नाही, सरीचा जोर उपयोगाचा आहे. दिवसभरात १०० मिलिमीटर रिपरिप पडली तर पंपाला कळतही नाही. तेवढाच पाऊस दोन तासांत पडला तर पंपाचा कस लागतो.

झिरप कागदावर काढता येते, पण साइटवर मोजणं जास्त विश्वासाचं. सम्पची कच्ची खोदाई आणि त्याकडे येणाऱ्या चरी झाल्या की पाऊस नसलेल्या वेळी, मागच्या सरीचं पाणी निथळून गेल्यावर, सम्प रिकामा करा. पंप बंद करा. एका पट्टीवर खुणा करून ती पाण्यात उभी धरा आणि दहा मिनिटांत पातळी किती चढते ते बघा. आपल्या उदाहरणात कच्चा सम्प २.४ बाय २.४ मीटरचा आहे आणि पाणी दहा मिनिटांत १६ सेंटीमीटर चढलं. २.४ गुणिले २.४ गुणिले ०.१६, म्हणजे सुमारे ९२० लिटर. मिनिटाला ९० लिटरच्या आसपास झिरप आहे. हे माप सम्पला अस्तर करण्याआधीच घ्यायचं, कारण एकदा भोवती खडी भरली की पाणी खडीच्या पोकळ्यांतही चढतं आणि हिशेब फसतो. पाणी खूप वर येऊ देऊनही मोजू नका. सम्पमधली पातळी जशी चढते तशी झिरप मंदावते आणि आकडा खोटाच कमी दिसतो.

एकूण झालं मिनिटाला ५९० लिटर, म्हणजे ६०० धरा. आता एक निर्णय घ्यायचा असतो, तो इंजिनिअरने घ्यावा, पंपवाल्याने नाही. खड्ड्याच्या तळावर काही वेळ पाणी उभं राहिलं तर चालेल का? नुसती खोदाई सुरू असताना ५ सेंटीमीटर पाणी तासभर साचलं तर बिघडत नाही, आणि तेवढ्यात ३०,००० लिटर मावतात, म्हणजे ५० मिलिमीटरची पूर्ण एका तासाची सर. पण पीसीसी, म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर झाला, सळई बांधली आणि उद्या राफ्टचं काँक्रीट आहे, तेव्हा तळावर एक सेंटीमीटरही नको. त्यामुळे पंप एकच मोठा घेण्यापेक्षा दोन सारखे घ्यावेत असं माझं मत आहे. ६०० लिटरचा एक रोज चालतो आणि दुसरा राखीव असतो. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला सुमारे १,१०० लिटर येतात. तेव्हा दोन्ही मिळून ते ओढून काढतात. आणि त्या सरीतच एक बंद पडला, तरी अर्ध्या तासात तळावर जेमतेम अडीच सेंटीमीटर पाणी चढतं.

सम्प कुठे आणि कसा

सम्प राफ्टच्या बाहेर हवा. राफ्टखाली खणलेला सम्प नंतर भरावाच लागतो आणि तो भराव कधीच मूळ जमिनीइतका घट्ट होत नाही. शिवाय राफ्टच्या किंवा फुटिंगच्या काठापासून सम्पच्या खोलीइतकं तरी अंतर सोडा, नाहीतर सम्पच्या कडेने मुरूम सुटून काँक्रीटखाली पोकळी होते. रॅम्पच्या बाजूच्या कोपऱ्यात अशी जागा बहुतेक मिळते. आपल्या खड्ड्यात राफ्टच्या काठापासून दीड मीटर सोडून तिथेच सम्प घेऊ. जागाच नसेल आणि सम्प राफ्टमध्येच घ्यावा लागला, तर त्याची तजवीज आधीपासून करावी लागते. ती शेवटी सांगतो.

आता माप. पंप वारंवार चालू-बंद झाला तर मोटर तापून जळते. त्यासाठी चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी यांच्यामध्ये पुरेसं पाणी मावलं पाहिजे. यासाठी एक छोटं सूत्र वापरतात:

```
V = T × Q / 4
```

इथे `Q` म्हणजे पंपाचा दर मिनिटाचा उपसा, `T` म्हणजे दोन स्टार्टमधलं किमान अंतर मिनिटांत आणि `V` म्हणजे लिटरमध्ये लागणारी जागा. तासाला दहापेक्षा जास्त स्टार्ट नकोत असं ठरवलं तर `T` झाला ६. मग ६ गुणिले ६०० भागिले ४, म्हणजे ९०० लिटर. आतून दीड बाय दीड मीटरचा सम्प घेतला तर ४० सेंटीमीटर उंचीत ९०० लिटर मावतात. म्हणून कच्ची खोदाई २.४ मीटर घेतली होती. आत दीड मीटर मोकळी जागा, भोवती ९ इंची भिंत आणि तिच्या मागे २० सेंटीमीटर खडी, एवढं त्यात बसतं.

खोलीही अशीच आतून बाहेर ठरवायची. तळावरची चर सम्पला येऊन मिळते तिथे ती तळापासून ४५ सेंटीमीटर खाली आहे (ती कशी ते पुढे बघू). पाणी चरीत मागे तुंबू नये म्हणून पंप ५० सेंटीमीटरवर चालू व्हावा आणि ९० वर बंद व्हावा. त्याखाली सबमर्सिबल पंप पाण्यात बुडून राहायला ३० ते ३५ सेंटीमीटर आणि सर्वांत खाली १५ सेंटीमीटर खडीचा थर. म्हणजे खड्ड्याच्या तळापासून साधारण १.४ मीटर खोल.

भिंत जाळीदार विटांची किंवा ब्लॉकची, उभे सांधे कोरडे आणि उघडे ठेवून बांधतात. छोट्या कामाला भोकं पाडलेला आरसीसी रिंगही चालतो. पण खरं काम भिंत नाही करत, तिच्यामागची गाळणी करते. जमिनीला लागून जिओटेक्स्टाईल, त्याच्या आत १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी. कापडाचे तुकडे एकमेकांवर किमान ३० सेंटीमीटर चढवा, कारण माती नेमकी सांध्यातून येते. क्रशरची भुकटी असलेली खडी आणली तर तीच भुकटी पहिले काही दिवस पंपात जाते. गाळणीशिवायचा सम्प म्हणजे माती उपसायचं यंत्र. तो चालतोही छान, म्हणूनच फसवतो.

पंप खडीवर थेट टेकवू नका. त्याला दोरीने किंवा साखळीने टांगा, बुड खडीच्या वर एका विटेइतकं राहू द्या. केबलला धरून पंप खेचण्याची सवय सगळीकडे आहे. त्याने केबल पंपात शिरते तिथला सील सुटतो आणि पाणी मोटरमध्ये जातं.

चरी

राफ्टच्या काठाबाहेरच्या मीटरभर पट्टीत, खड्ड्याच्या भिंतीच्या पायथ्याशी, चारही बाजूंनी फूटभर रुंदीची चर काढा. सम्पच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यापासून सम्पपर्यंत दोन्हीकडून ५० मीटर अंतर भरतं. २०० ला १ असा उतार दिला तर तेवढ्यात २५ सेंटीमीटर उतार होतो. सुरुवातीला चर २० सेंटीमीटर खोल घेतली तर सम्पजवळ ती ४५ होते. चरीत जिओटेक्स्टाईल पसरून भोकाचा पाईप ठेवा आणि खडीने भरून कापड वरून दुमडून घ्या. उघडी चर पहिल्या दोन दिवसांत कामगारांच्या पायांनी बुजते.

राफ्टच्या मधल्या भागात झरा लागला तर त्याला दाबायला जाऊ नका. तिथून परिघातल्या चरीपर्यंत खडीची एक आडवी चर काढा आणि पीसीसी तिच्यावरून जाऊ द्या. वाहतं पाणी ओल्या काँक्रीटमधून वर आलं तर सिमेंट धुऊन नेतं आणि तिथे कायमचं भोक राहतं.

एक सक्त सूचना. ट्रान्झिट मिक्सर आणि काँक्रीट पंपाचं धुवण सम्पमध्ये किंवा चरीत सोडू देऊ नका. सिमेंट गाळणीच्या खडीत जाऊन घट्ट होतं आणि सम्पचं एका संध्याकाळीत हौदात रूपांतर होतं.

आता पंप

पंपाच्या पाटीवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात, समजा हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, १५ मीटर आणि डिस्चार्ज मिनिटाला ९०० लिटर. हे दोन्ही एकदम मिळत नाहीत. १५ मीटरवर पंप जवळपास काहीच पाणी देत नाही आणि ९०० लिटर देतो तेव्हा हेड जवळपास शून्य असतं. म्हणून विक्रेत्याकडून पंपाचा आलेख मागा आणि आपल्या हेडला किती पाणी मिळतं ते त्यावर वाचा.

आपलं हेड काढू. सम्पमधली सर्वांत खालची पातळी खड्ड्याच्या तळाखाली ०.९ मीटर, खड्डा ४ मीटर, आणि पाईप बांधावरून गाळाच्या टाकीत पडायला वर १ मीटर. झाले ५.९, म्हणजे ६ मीटर. त्यात पाईपच्या घर्षणाची भर. होज ३० मीटर लांब आहे आणि मिनिटाला ६०० लिटर, म्हणजे सेकंदाला १० लिटर पाणी जातंय. होज ८० मिलिमीटर म्हणजे तीन इंची असेल तर घर्षणात दीड मीटर जातो, वळणं आणि जोड धरून दोन. एकूण ८, थोडी उसंत ठेवून ९ मीटर. याच पंपाला घाईत दोन इंची होज लावला तर त्याच पाण्याला घर्षणच १६ मीटर लागेल. अर्थात तेवढं पाणी येतच नाही, पंप कसाबसा निम्म्यावर येतो आणि लोक म्हणतात पंप कमजोर आहे. होजचा व्यास ८० वरून ५० वर आला की घर्षण सुमारे दहापट होतं. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी बऱ्याच साइटवर नवा पंप घ्यावा लागणार नाही. होज रस्त्यात चिमटला आहे का, डंपर त्याच्यावरून जातोय का, हेही याच हिशेबात येतं.

सेकंदाला १० लिटर पाणी ९ मीटर उचलायला पाण्यात सुमारे ०.९ किलोवॉट जावे लागतात. असे गढूळ पाण्याचे पंप चाळीस-पंचेचाळीस टक्के कार्यक्षमतेने चालतात असं धरलं तर मोटर २ किलोवॉटच्या पुढची, म्हणजे ३ एचपी. एचपी सगळ्यात शेवटी आलं हे बघा.

वर ठेवलेला सेल्फ प्रायमिंग पंप सहा-सात मीटरपेक्षा जास्त ओढू शकत नाही. हवेचा दाबच पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलतो आणि प्रत्यक्षात त्यातलं बरंच गळती, घर्षण यांत जातं. आपल्या खड्ड्यात ५ मीटरच्या आसपास ओढ आहे, म्हणजे काठावरचा डिझेल पंप जेमतेम चालेल. तो खाली उतरवण्याचा मोह होतो. उघड्या खड्ड्यातही धूर खाली साचतो, आणि बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने माणसं मारणं आहे. त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन वर, मोकळ्या हवेत. खाली फक्त विजेचा सबमर्सिबल.

तीन फेजचा पंप जोडताना फिरण्याची दिशा तपासा. पंप टांगलेला असताना क्षणभर चालू करा, त्याला कुठल्या बाजूला झटका बसतो ते बघा आणि पाटीवरच्या बाणाशी जुळवा. दिशा उलटी असली तरी पंप पाणी फेकतो, फक्त फार कमी फेकतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. रात्री वीज जाऊन जनरेटरवर आले आणि पाणी अचानक कमी झालं, तर आधी फेज बघा.

डिलिव्हरीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल तर पंप बंद होताच उभ्या पाईपमधलं पाणी परत सम्पमध्ये पडतं. आणि होजचं बाहेरचं टोक नाल्यात बुडवून ठेवलं असेल तर त्याहून वाईट होतं. पंप थांबला की सायफन लागून नालाच खड्ड्यात यायला लागतो. टोक नेहमी पाण्याच्या वर, हवेत सोडा.

पहिल्या पंपाचा फ्लोट खड्ड्याच्या तळाखाली ५० सेंटीमीटरवर आणि दुसऱ्याचा तळाखाली ३० सेंटीमीटरवर लावा, म्हणजे पहिला पुरला नाही तरच दुसरा सुरू होईल. दर दोन दिवसांनी त्यांची अदलाबदल करा. राखीव पंप महिनाभर न चालता पडून राहिला की नेमका हवा तेव्हा जाम निघतो. फ्लोटची वायर होजला गुंडाळली जाऊ नये एवढी जागा ठेवा. रात्रीच्या वॉचमनला वरच्या पातळीचा भोंगा द्या, म्हणजे त्याला टॉर्च घेऊन काठाशी जावं लागणार नाही.

वीज आणि पाणी एकत्र आहे, म्हणून पॅनेलमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, पक्कं अर्थिंग आणि सिंगल फेजिंगपासून संरक्षण घ्या. केबलचा कुठलाही जोड खड्ड्यात नको, आणि पॅनेल बांधाच्या बाहेर उंचावर. सम्पमध्ये हात घालण्याआधी किंवा होज ओढण्याआधी मेन बंद करा, नुसता स्टार्टर नाही. फ्लोट असेल तर पंप कधीही आपोआप सुरू होऊ शकतो.

पाणी किती गढूळ आहे

सुरुवातीचे काही तास पाणी गढूळ येतंच. मग ते निवळलं पाहिजे. रोज पाऊस थांबल्यानंतर काही तासांनी, म्हणजे फक्त झिरपेचं पाणी येत असताना, होजच्या तोंडाशी पारदर्शक बाटली भरा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी बोटभर वाळू बसली तर खड्ड्याची माती पाण्याबरोबर चालली आहे. पावसातला नमुना काही सांगत नाही, तेव्हा सगळंच गढूळ असतं.

हे दुर्लक्ष करण्यासारखं का नाही ते हिशेबाने कळतं. आपल्याकडे मिनिटाला ९० लिटर झिरप आहे, म्हणजे दिवसाला सुमारे १,३०,००० लिटर. लिटरमागे फक्त एक ग्रॅम माती आली तरी दिवसाला १३० किलो होते. पंधरा दिवसांत जवळजवळ दोन टन. ही माती कुठून तरी गेलेली असते, बहुतेक वेळा शेजारच्या कंपाउंड भिंतीखालून किंवा रस्त्याखालून. तिथे जमिनीला भेग पडली, पेव्हर ब्लॉक बसले, तर कारण आपल्या सम्पमध्ये शोधा.

त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे तळाला वाळू उकळताना दिसणं. छोट्या ज्वालामुखीसारखा वाळूचा गोल ढिगारा होतो आणि त्याच्या तोंडातून पाणी बुडबुडतं. अशा वेळी पंपाचा जोर वाढवायचा नाही, उलट उपसा थांबवून पाणी थोडं वर येऊ द्यायचं. वाळू स्थिर झाली की त्या जागेवर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर टाका. पाणी जाऊ द्यायचं आहे, वाळू अडवायची आहे. त्यावर काँक्रीट ओतून तोंड बंद केलं तर पाणी शेजारी नवं तोंड फोडतं. असं दोन-तीन ठिकाणी दिसू लागलं तर सम्प पद्धतीची मर्यादा आली. बारीक वाळू आणि गाळाच्या जमिनीत, पाणीपातळी तळाच्या बरीच वर असताना, सम्प चालत नाही. तिथे खड्ड्याच्या बाहेरून वेलपॉइंट, म्हणजे जमिनीत रोवलेल्या उपशाच्या नळ्या, किंवा खोल विहिरी घेऊन पाणीपातळीच खाली न्यावी लागते. मुरूम, चिकणमाती, खडक यांत सम्पने काम भागतं.

बाहेर काढलेलं पाणी थेट गटारात सोडू नका. दहा मिनिटं थांबेल एवढी, म्हणजे आपल्या पंपाला ६,००० लिटरची, दोन कप्प्यांची टाकी ठेवा. वाळू पहिल्या कप्प्यात बसते. बारीक चिकणमाती बसत नाही, ती पाण्याबरोबर जाणारच. पण गटार तुंबतं ते वाळूने. कुठे सोडायचं याची परवानगी स्थानिक यंत्रणेकडून आधीच घ्या.

भरलेला खड्डा घाईने रिकामा करू नका

रात्रभर वीज नव्हती आणि सकाळी खड्ड्यात दोन मीटर पाणी आहे. सगळ्यांना दुपारपर्यंत तळ बघायचा असतो. इथे सर्वांत मोठा धोका आहे. भिंतीच्या आत पाणी आहे तोवर ते बाहेरच्या ओल्या मातीला टेकू देतं. आतलं पाणी झटकन काढलं, पण मातीतलं पाणी तितक्या वेगाने बाहेर येत नाही, आणि भिंत आत कोसळते. मातीच्या कडा असोत की तयार बेसमेंटची विटांची भिंत, कारण तेच.

पहिल्या दिवशी फूटभरच उतरवा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर बाहेरची पातळी अजून वर आहे, मग थांबा. खुणेवर स्थिर असेल तर दुसऱ्या दिवशी दोन-तीन फूट काढा आणि पुन्हा रात्रभर बघा. दरम्यान काठावरच्या भेगा आणि भिंतीचा फुगवटा पाहत राहा. काठाला समांतर नवी भेग दिसली तर उपसा बंद, माणसं बाहेर.

पंप केव्हा बंद करायचा

राफ्ट झाला, भिंती झाल्या, बाजूचा भराव झाला की पंप भाड्याचा असेल तर परत पाठवायची घाई होते. आपल्या उदाहरणात राफ्टचं बूड ४ मीटरवर आणि पाणी १ मीटरवर. म्हणजे राफ्टखालून वर ढकलणारं पाणी ३ मीटर, प्रत्येक चौरस मीटरला ३ टन. राफ्ट अर्धा मीटर जाड असला तर त्याचं वजन चौरस मीटरला १.२५ टन. बाहेरच्या भिंती सगळ्या क्षेत्रावर वाटल्या तर ०.३५. म्हणजे १.६ टन, निम्म्याच्या जरा वर. पंप बंद केला तर अख्खं बेसमेंट होडीसारखं उचललं जाऊ शकतं, किंवा राफ्ट मध्ये फुगून तडकतो.

वरच्या प्रत्येक स्लॅबचं तुळया-खांबांसह ०.६ टन धरलं, तर तीन स्लॅबनंतर ३.४ होतात. ३ पेक्षा जास्त झालं खरं, पण उचलीच्या किमान १.२ पट वजन हवं असं धरलं तर ३.६ लागतात, म्हणजे चौथा स्लॅब. तोवर सम्प चालू. नेमका आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यावा आणि तो पंपाच्या पॅनेलवर चिकटवावा, कारण तोवर साइटवरची माणसं बदललेली असतात.

म्हणून बाहेरचा सम्प भरावात गाडून टाकायचा नाही. भराव जसा चढेल तसा त्यातला पाईप किंवा रिंग वर चढवत न्या आणि पंप त्यातूनच चालवा. सम्प राफ्टमध्येच घेतला असेल तर काँक्रीट करताना त्यात पडल फ्लँज, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतून पाणी अडवणारी कड असलेली लोखंडी स्लीव्ह बसवा. वजन पुरेसं झालं की पंप काढा, आतला भाग न आकसणाऱ्या ग्राउटने भरा आणि वरून प्लेट बोल्टने बंद करा. ही बंद करणी कोरड्या दिवसांत, पाणीपातळी खाली असताना करावी.

आणि त्याआधी कधी सगळे पंप एकदम बंद पडले, जनरेटरही सुरू होईना आणि बाहेर पाणी चढतंय, तर त्या स्लीव्हचं झाकण उघडून पाणी बेसमेंटमध्ये येऊ द्या. आतलं पाणी राफ्टवर वजन टाकतं आणि खालचा दाब मोकळा होतो. साफसफाईला आठवडा जाईल, पण राफ्ट शाबूत राहील.